उद्या सकाळची मीटिंग आज संध्याकाळी पुढे ढकलायची आहे: दोन पक्क्या वेळा द्याव्यात की "तुमच्या सोयीने" म्हणावं?

शिरोलीकर
कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत माझं मशिनिंगचं छोटं युनिट आहे. उद्या बुधवारी सकाळी 11 ला भोसरीच्या एका कंपनीत खरेदी अधिकाऱ्यांबरोबर पहिली मीटिंग आहे, बेअरिंग हाऊसिंगची सहा सॅम्पल्स घेऊन जायची होती. आज सव्वासहाला जुन्या ग्राहकाचा फोन आला की त्यांचे ऑडिटर उद्याच येणार. माझ्याशिवाय ते ऑडिट होत नाही. मी हा मेसेज लिहिलाय, पाठवू का?

"नमस्कार सर, काही अपरिहार्य कारणास्तव उद्याची मीटिंग होऊ शकत नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व. आपल्या सोयीनुसार पुढील वेळ कळवावी."

खरेदीतला
पाठवू नका, आधी फोन करा. मी खरेदी विभागात बावीस वर्षं काढली, असे मेसेज आठवड्याला दोन-तीन येतात. संध्याकाळी साडेसहानंतर माणूस घरी जायला निघालेला असतो. तो हा मेसेज सकाळी सव्वादहाला बघतो, तोवर क्वालिटीवाल्याने इतर कामं बाजूला ठेवून मीटिंग रूम धरलेली असते. फोन उचलला नाही तर दहा मिनिटांनी परत करा आणि मगच लिहा.

आता मजकुराबद्दल. त्या कंपनीतला खरेदीवाला मीच आहे असं धरून सांगतो. "अपरिहार्य कारणास्तव" वाचून समोरच्याला काहीच कळत नाही. तुमच्याकडे मशीन बंद आहे, घरात आजारपण आहे, की आमचं काम तुम्हाला नकोय, यातलं काहीही तो धरून चालू शकतो. आणि "आपल्या सोयीनुसार कळवावी" यात घोटाळा असा की सगळं काम परत माझ्या डोक्यावर येतं. तुमच्यासाठी मला क्वालिटीला विचारायचं, डिझाइनला विचारायचं, रूम बघायची, मग तुम्हाला कळवायचं, आणि तुम्ही म्हणणार, "सर, त्या दिवशी जमत नाही." वेळ तुम्ही मोडलीत, तर पुढची जुळवणीही तुम्हीच अर्ध्यावर आणून द्यायला हवी. दोन वेळा द्या, दिवस आणि तास सांगून. मला फक्त क्वालिटीला विचारायचं राहतं, "शुक्रवार की सोमवार?"

तात्या हुपरीकर
मला हे पटत नाही. आपण माल विकायला चाललोय, ते घेणारे आहेत. पहिल्याच भेटीची वेळ मोडायची आणि वर त्यांना सांगायचं की अमुक वाजता किंवा तमुक वाजता बसा, ही कुठली रीत? माझ्या तीस वर्षांच्या धंद्यात मी ग्राहकाला कधी वेळ सांगितली नाही. "साहेब, तुम्ही म्हणाल तेव्हा दारात हजर" एवढंच म्हणायचो, आणि असायचोही. फोनचं मात्र खरं आहे. आणि फोन मालकाने स्वतः करावा, ऑफिसातल्या पोराकडून नको.

खरेदीतला
तात्या, तुम्ही खरंच "म्हणाल तेव्हा" हजर असायचात, म्हणून ते चाललं. शिरोलीकरांना भोसरीला यायला सव्वादोनशे किलोमीटर गाडी हाणायची आहे, आणि दोन ऑर्डरी मशीनवर आहेत. मी उद्या "शुक्रवारी सकाळी 9 ला या" म्हटलं तर ते येतील का? नाही जमलं तर दुसऱ्यांदा मोडणार. एकदा मोडलेली वेळ मी विसरतो, पण दोनदा मोडली की तो माणूस डिलिव्हरीलाही असाच वागेल असं मनात बसतं.

चाकणचा सेल्सवाला
एवढा विचार कशाला? तब्येत बिघडली म्हणून सांगा. आजारी माणसाला कोणी प्रश्न विचारत नाही. दुसऱ्या ग्राहकाचं ऑडिट आहे म्हटलं तर सरळ अर्थ निघतो की ते मोठे आणि आम्ही छोटे. आणि वेळा द्यायच्याच तर जवळच्या द्या, परवा गुरुवार आणि शुक्रवार. लांबवलं की विषय थंड होतो.

खरेदीतला
गुरुवारी भोसरीत आठवड्याची सुट्टी असते. ऑफिस उघडं असलं तरी क्वालिटीचा माणूस भेटेल याची खात्री नाही. गुरुवार दिला तर मला एकच पर्याय उरतो, आणि तुम्ही आमच्याबद्दल काही न बघता लिहिलंय हेही दिसतं. लवकरची वेळ द्या हे तुमचं बरोबर आहे, पण एक याच आठवड्यातली आणि एक पुढच्या, एक दुपारची आणि एक सकाळची. म्हणजे एखाद्याचा शुक्रवार पूर्ण भरलेला असला तरी दुसरी वेळ जिवंत राहते.

तब्येतीचं सांगू नका. ऑडिटला आलेला माणूस आणि आमचा क्वालिटीवाला पूर्वी एकाच कंपनीत होते असं निघायला वेळ लागत नाही. पुणे-कोल्हापूर पट्ट्यात कास्टिंग आणि मशिनिंगवाले सगळे एकमेकांना ओळखतात.

मानसी, नाशिक
माझ्या बाबतीत हेच झालं होतं, म्हणून लिहिते. मी लेबल छापते. वाशीला सकाळी दहाची वेळ होती, पहाटे साडेचारला नाशिकहून निघाले. गेटवर सिक्युरिटीच्या दादांनी रजिस्टर उलटंपालटं करून पाहिलं, माझ्या नावाचा पास नाही. आत फोन लावला तर साहेब बाहेरगावी. मी केबिनबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पावणेदोन तास बसले, मांडीवर नमुन्यांचा खोका. शेवटी त्यांच्या असिस्टंटचा मेसेज आला, "रीशेड्यूल केलंय, कळवतो." नंतर काही कळवलं नाही. अशा लोकांना माफी कशाची? मी तर म्हणते, त्यांच्या वेळेची एवढी काळजी करू नका, ते आपली करत नाहीत.

शिरोलीकर
मानसीताई, वाईट झालं. पण माझ्या बाबतीत मोडणारा मीच आहे, आणि त्यांनी अजून माझं काही वाईट केलेलं नाही.

मानसी, नाशिक
हो, मी घाईत उलटं वाचलं. मग एक सांगते, तो पास तुमच्या नावाने उद्याच्या तारखेचा निघाला असेल. नवी तारीख ठरली की पास बदलायला आठवणीने सांगा, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव परत द्या. नाहीतर सोमवारी त्या खुर्चीवर तुम्ही बसाल.

खरेदीतला
ताईंचा मुद्दा लाखाचा आहे. आणखी एक. तुम्हाला मीटिंगचा मेल आला असेल त्यात चार-पाच जण असतील. फोन फक्त माझ्याशी झाला आणि मी कामात विसरलो, तर बाकीचे उद्या अकराला रूममध्ये बसतील. म्हणून फोन झाला की त्याच मेलला सगळ्यांना उत्तर द्या, नवा मेल सुरू करू नका. हे असं लिहा:

"नमस्कार साहेब. आत्ता फोनवर बोललो त्याप्रमाणे उद्या बुधवारी 11 वाजता मला येता येणार नाही. आमच्या एका ग्राहकाचं ऑडिट उद्याच लागलं आहे, ते मला आज सव्वासहाला कळलं आणि त्यासाठी मला कारखान्यात थांबावं लागतंय. तुम्ही क्वालिटीच्या साहेबांचीही वेळ घेतली होती आणि मी आदल्या संध्याकाळी कळवतोय, याबद्दल मनापासून माफी मागतो.
शुक्रवारी दुपारी 3.30 किंवा सोमवारी सकाळी 11, या दोन्ही वेळा मी मोकळ्या ठेवल्या आहेत. यातली कोणतीही चालेल. उद्या संध्याकाळी 5 पर्यंत दोन्ही राखून ठेवतो. दोन्ही अडचणीच्या असतील तर तुम्ही सांगाल त्या वेळेचं बघतो.
सहाही सॅम्पल्सचे मापांचे रिपोर्ट आज रात्री मेल करतो."

माफी एकदाच, आणि कशाबद्दल ते सांगून. "गैरसोयीबद्दल क्षमस्व" हे रस्ता खोदल्यावर बोर्डावर लिहितात, ते वाचून कोणाला काही वाटत नाही. उलट पाच वेळा "सॉरी" लिहिलं तर मलाच तुमची समजूत काढत बसावं लागतं.

तात्या हुपरीकर
शेवटचं वाक्य घातलंत, "तुम्ही सांगाल त्या वेळेचं बघतो", म्हणून मला थोडं बरं वाटलं. पण ते "उद्या 5 पर्यंत" काढा. ग्राहकाला मुदत घालून देणं मला अजूनही खटकतं.

खरेदीतला
मुदत त्यांना नाही, तात्या. "5 पर्यंत उत्तर द्या" असं लिहिलेलं नाही, "मी 5 पर्यंत राखतो" असं आहे. हे नसेल तर शुक्रवारची वेळ शुक्रवारी सकाळपर्यंत लटकत राहते, आणि तेवढ्यात शिरोलीकरांनी ती दुसऱ्याला दिली की तिसरा घोळ. तरी तुम्हाला जड वाटतं हे समजतं. मोठ्या वयाचा अधिकारी असेल तर मीही ते लिहिण्याऐवजी फोनवर बोलेन.

चाकणचा सेल्सवाला
मग रिपोर्टच कशाला, सॅम्पल्सच आज रात्रीच्या गाडीने पाठवून द्या. उद्या त्यांच्या टेबलावर पोचतील, भेटीआधीच अर्धं काम झालेलं.

खरेदीतला
यात धोका आहे. तुम्ही नसताना आमचा माणूस मापं घेणार. बोअरचं माप त्याने कुठल्या खोलीवर घेतलं, पार्ट कशावर टेकवला, हे सांगायला तिथे कोणी नाही. एक माप बाहेर निघालं की तो "नापास" लिहितो, आणि मग तुम्ही येऊन समजावायला लागता. पण मी असेही लोक पाहिलेत ज्यांनी सॅम्पल आधी पाठवलं आणि भेटीत थेट भावावरच बोलणं सुरू झालं. ड्रॉइंग किती अवघड आहे त्यावर आहे. शिरोलीकरांनी स्वतः ठरवावं.

शिरोलीकर
बोअरला टॉलरन्स घट्ट आहे, सॅम्पल्स मी बरोबरच नेतो. शुक्रवार सकाळ मुद्दाम देत नाही. ऑडिट गुरुवारपर्यंत लांबलं तरी शुक्रवारी निघता येतं, आणि साताऱ्याकडे रस्त्याची कामं आहेत, दुपारी साडेतीन धरलं की हाताशी तास-दीड तास राहतो. सोमवारी आमच्या युनिटला सुट्टी असते, तो दिवस पूर्ण मोकळा. फोन करतो.

शिरोलीकर (रात्री पावणेनऊ)
पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा लागला. मी कारण सांगितलं तेव्हा ते दोन सेकंद गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आमचं ऑडिट असेल त्या दिवशी तुम्ही दुसऱ्या कोणाला असंच सांगाल ना?" मी "हो" म्हणालो. मग म्हणाले, शुक्रवारी डिस्पॅचची गडबड असते, सोमवार 11 बघू, पण क्वालिटीवाले साहेब सोमवारी आहेत का ते उद्या सांगतो. मेलला सगळ्यांना उत्तर टाकलं, मुदतीचं वाक्य तात्यांचं ऐकून काढलं, फोनवर मात्र बोललो. गाडीचा नंबरही त्यातच दिला.

चाकणचा सेल्सवाला
तो प्रश्न त्यांनी रागाने विचारला असेल तर? मी अजूनही म्हणतो, ऑडिटचं सांगायला नको होतं.

तात्या हुपरीकर
रागाने विचारला असता तर सोमवार दिला नसता. पण उद्या दुपारपर्यंत क्वालिटीचं उत्तर आलं नाही तर मेल करू नका, परत फोनच करा.