अनुभव धागा : रोजच्या प्रवाशांना नावाने 'या' म्हणणारे एसटीचे वाहक

रानजाई

काल स्वारगेटला गाडीत चढताना वाहकाने माझ्या पुढच्या गृहस्थांना "काय साहेब, दोन दिवस दिसला नाहीत?" असे विचारले आणि तीस वर्षांपूर्वीची एक गाडी डोळ्यांसमोर उभी राहिली. ती गोष्ट येथे लिहिते आहे. आपल्यालाही असे कोणी भेटले असेल तर अवश्य लिहावे.

मी 1991 ते 1993 या काळात अकरावी-बारावीसाठी आमच्या डोंगरातल्या गावातून पाटणला जात असे. गाडी आदल्या रात्री गावात मुक्कामाला येई आणि सकाळी पावणेसहाला निघे. वाहकांना आम्ही सगळे मामा म्हणत असू. गाडी हलली की काखेत तिकिटांचा ट्रे धरून आणि पंच दांडीवर टकटक वाजवत ते पुढून मागे येत. प्रत्येकाला त्यांचा नमस्कार वेगळा असे. शिक्षकांना "या गुरुजी", दुधाच्या किटल्या घेऊन येणाऱ्या आजींना "आजी, म्हैस बरी आहे ना?", आणि मला "बाळ, पास?" एवढेच. मी पास हातातच धरलेला असे, तरीही ते रोज तो घेऊन तारीख पाहत आणि संपायच्या दोन दिवस आधी "परवा संपतोय, आज आगारात जाऊन ये" असे आठवणीने सांगत.

मला एक सकाळ विशेष आठवते. तिसऱ्या थांब्यावर एक म्हातारबाबा चढत. दर बाजारच्या दिवशी त्यांच्याजवळ कोंबडीची अंडी भाताच्या तुसात ठेवलेली टोपली असे. त्या दिवशी थांब्यावर कोणीच नव्हते, त्यामुळे चालकाने गाडी हळू केली, पण थांबवली नाही. मामांनी दोरी ओढून एक टोला दिला. गाडी थांबली. दारात उभे राहून त्यांनी बांधावरच्या मुलाला विचारले, तेव्हा आजोबांना रात्रीपासून ताप असल्याचे कळले. मामा मागे वळून म्हणाले, "यांच्या घरचं कोणी आहे का गाडीत?" कोणी नव्हते. तेव्हा त्यांनी त्या मुलाला सांगितले, "दुपारच्या गाडीला मीच आहे. गोळ्या आणायच्या असतील तर चिठ्ठी घेऊन इथेच उभा राहा." मग दोन टोले वाजले. हे सारे जेमतेम एका मिनिटात झाले असेल, कारण पाटणला आमच्यातल्या निम्म्या लोकांना पुढची कराडची गाडी गाठायची होती. दुपारी तो मुलगा चिठ्ठी घेऊन उभा होता आणि संध्याकाळच्या फेरीला मामांनी औषधाची पुडी त्याच्या हातात ठेवली, हे मी स्वतः पाहिले.

कोयनाकाठ

रानजाई, वाचताना गाडीतला डिझेलचा आणि ओल्या घोंगड्यांचा वास आला. अंड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसणारे आजोबा आमच्याही गाडीत होते. वळणावर शेजारचे दोघे आपोआप टोपलीला हात लावत असत.

माझे मत असे आहे की तिकिटाचे यंत्र आले आणि हा नमस्कार संपला. पूर्वी ओळखीच्या प्रवाशाचे तिकीट वाहक न विचारता फाडून देत, पासवाल्यांकडे तर पाहतही नसत. आता मान यंत्रात घातलेली असते.

जुना बिल्ला

मी राज्य परिवहनात वाहक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे आणि त्यातली बरीच वर्षे मुक्कामी गाडीवर होतो. कोयनाकाठ यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. यंत्रामुळे मान खाली जाते हे खरे, परंतु पास न पाहता पुढे जाणे ही यंत्राच्या आधीही चूकच होती. मार्गावर तपासणी पथक कुठेही गाडी थांबवी. पासाची मुदत संपलेली निघाली तर प्रवाशाला दंड होई आणि "तुम्ही पाहिले कसे नाही?" हा प्रश्न आम्हाला विचारला जाई. रानजाईंचे मामा रोज पास हातात घेत, ते याच कारणाने. ओळख आहे म्हणून तपासणी सोडली तर शेवटी त्या ओळखीच्या माणसालाच त्रास होतो.

न विचारता तिकीट फाडण्याविषयी माझाच अनुभव सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक पाटील रोज तालुक्यापर्यंत येत. मी त्यांना राम राम करता करता तालुक्याचे तिकीट फाडून हातात देत असे. एके दिवशी ते म्हणाले, "अरे, आज मला मधेच लेकीकडे उतरायचंय." तिकीट तर फाटले होते आणि पंचही झाले होते. फाटलेले तिकीट गड्डीला पुन्हा जोडता येत नाही, कारण प्रत्येक टप्प्याला गड्डीवरचा चालू क्रमांक मार्गपत्रकात लिहावा लागे आणि रात्रीचा भरणा त्यावरच होई. जास्तीच्या भाड्याचे पैसे मी माझ्या खिशातून त्यांना दिले. रक्कम लहान होती, पण त्या दिवसापासून मी क्रम बदलला. आधी राम राम करायचा, मग उत्तर येईपर्यंत थांबायचे आणि त्यानंतरच गड्डीला हात लावायचा. "राम राम, आज पाटण ना?" या एका वाक्यात नमस्कारही होई आणि कामही होई. माणूस "हो" म्हणाला, तरी त्याचा आवाज रोजच्यासारखा आहे की नाही हे कळत असे.

निशिगंध

मला थोडे वेगळे वाटते, ते प्रामाणिकपणे लिहिते. मी परिचारिका आहे. बदली होऊन एका आडगावच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा पहिले सहा दिवस त्या गाडीत सगळ्यांना नमस्कार होत असे आणि माझ्याजवळ आले की फक्त "कुठे?" हा प्रश्न येई. परक्या गावात एकट्या आलेल्या माणसाला तो एक शब्द फार लागतो. सातव्या दिवशी "या सिस्टर" ऐकले आणि डोळ्यांत पाणी आले. पण पहिल्या दिवशी चढणाऱ्या माणसाला त्या नमस्काराची गरज रोजच्यांपेक्षा अधिक असते, असे मला आजही वाटते.

जुना बिल्ला

सिस्टर, आपले म्हणणे मनाला लागले. तिसऱ्या-चौथ्या फेरीला चेहरा आमच्या ओळखीचा झालेला असतो. परंतु नवीन बाईमाणसाशी आपण होऊन बोलावे की नाही, हे मला निवृत्तीपर्यंत नीट ठरवता आले नाही. बोलले तर तिला आवडेल का, आणि न बोलले तर परके वाटेल का, या विचारात मीही अनेकदा "कुठे?" एवढेच म्हटले आहे.

पाऊलवाट

कृपया कोणी सांगेल का, माझी मुलगी आठवीत आहे आणि गावातून तालुक्याला जाते, तर तिचा पास शाळेतून मिळतो की आगारातून? वाहकांची गोष्ट छान आहे. विचारण्यासारखी जाणकार माणसे येथे दिसली म्हणून विचारले.

कोयनाकाठ

पाऊलवाट, शाळेतून दाखला घेऊन आगारात किंवा स्थानकातल्या पास खिडकीवर विचारा. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी मोफत पास आहे, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या योजनेचे नाव नक्की काढा.

जुना बिल्ला, माझी चूक मान्य आहे. यंत्र आल्यावर तुमचा नमस्कार चालू राहिला का, हे मात्र सांगा.

जुना बिल्ला

चालू राहिला, पण त्याची जागा बदलली. गड्डीच्या काळात बोटे सवयीने चालत आणि डोळे प्रवाशाकडे असत. यंत्रावर कोठून, कोठे आणि कोणती सवलत हे निवडताना पडद्याकडे पाहावेच लागते. म्हणून मी दारातच नमस्कार करू लागलो. गाडी थांबल्यावर खाली उतरून उभा राहायचो आणि चढणाऱ्याला तिथेच विचारायचो.

नोकरीच्या शेवटच्या दिवसांत, 2022 मध्ये, 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास सुरू झाला, तेव्हा एक नवी अडचण आली. प्रवास फुकट असला तरी शून्य रकमेचे तिकीट द्यावेच लागते आणि त्यासाठी वयाचा पुरावा पाहावा लागतो. वीस वर्षे ज्यांना "या आबा" म्हटले, त्यांच्याकडे आधार कार्ड मागायचे. एक आबा रागावून म्हणाले, "तू मला ओळखत नाहीस का?" मी म्हणालो, "आबा, मी ओळखतो, पण तपासायला येतील ते ओळखत नाहीत." दुसऱ्या दिवसापासून ते कार्ड सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवून मला लांबूनच दाखवू लागले.

वाहकपुत्र

माझे वडील वाहक होते. ते गाडीत कोणाशी कसे बोलत हे मला त्यांच्या प्रवाशांकडून कळले, कारण घरी ते फार कमी बोलत. भरणा करून आणि हिशोब जुळवून येईपर्यंत घसा बसलेला असे. रोकड कमी भरली तर ती स्वतः भरून द्यावी लागे, त्यामुळे कित्येक रात्री ते जेवतानाही बोटांवर काही मोजत असत. लहानपणी मला याचा राग येई. "तुझे बाबा आम्हाला रोज किती मायेने विचारतात" असे कोणी म्हटले की मी तेथून उठून जात असे.

ते गेल्यावर दहाव्याला त्यांच्या मार्गावरची माणसे आली. आम्ही त्यांतल्या कोणालाच ओळखत नव्हतो. एका बाईंनी मला विचारले, "तू तोच का, ज्याचा हात मोडला होता?" माझा हात चौथीत मोडला होता. म्हणजे गाडीत नुसते तेच लोकांना विचारत नव्हते, लोकही त्यांना घरचे विचारत होते आणि ते सांगत होते. एवढे ते आमच्याशी का बोलले नाहीत, हे मला अजून उलगडलेले नाही.

गिरगावकर

वाहकपुत्र, काय लिहावे सुचत नाही. आपल्या वडिलांना नमस्कार.

मुंबईतल्या आमच्या दुमजली बसमध्ये वर आणि खाली असे दोन वाहक असत. वरच्या मजल्यावरचे काका जिन्याच्या तोंडाशी उभे राहून चढणाऱ्याला "सांभाळून, गाडी सुटतेय" असे नावासकट म्हणत. डिझेलवरची जुनी दुमजली गाडी 2023 च्या सप्टेंबरमध्ये बंद झाली. आता आमच्या एका मार्गावर वाहक गाडीत नसतो, थांब्यावर उभा राहून तिकिटे देतो. रांगेत मी रोज असतो म्हणून ते मान हलवतात, पण गाडी निघाल्यावर ते मागेच राहतात. आत कोण आजारी आहे, कोण आले नाही, हे विचारायला कोणी नसते.

निशिगंध

वाहकपुत्र, कदाचित गाडीत उत्तर द्यायला एकच मिनिट असते म्हणून बोलणे सोपे जात असेल. मलाही रुग्णांशी जे बोलता येते ते घरी येत नाही. हे माझ्यापुरते सांगते आहे, आपल्या वडिलांविषयी मला काय माहीत असणार.

रानजाई

सर्वांचे वाचते आहे. जुना बिल्ला यांनी उत्तरासाठी थांबण्याविषयी लिहिले, तेव्हा एक विसरलेली गोष्ट आठवली. बारावीच्या निकालाच्या दिवशी माझा पास संपलेला होता, म्हणून मी पैसे हातात घेऊन बसले होते. मामा आले आणि नेहमीप्रमाणे "बाळ, पास?" म्हणाले. त्यांना पासच विचारायचा होता, पण मी "हो, पास झाले" असे सांगितले. ते ट्रे तसाच काखेत धरून क्षणभर थांबले आणि गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी गुरुजींना हाक मारून ते सांगितले. मग माझ्याकडे वळून पाटणचे तिकीट फाडले, पंच केले, पैसे घेतले आणि उरलेले सुट्टे मोजून माझ्या हातावर ठेवले.