मदत हवी आहे: जतन केलेल्या ईमेल फाईलींचे पीडीएफ करायचे आहेत, अटॅचमेंट मात्र सुटायला नको

नस्तीवाली_नागपूर

नमस्कार. मी सिव्हिल लाइन्समधल्या एका सल्लागार अभियंत्यांच्या कार्यालयात रेकॉर्ड सांभाळते. एका जुन्या पाणीपुरवठा कामाची नस्ती आता बंद करायची आहे. त्या कामाचा सगळा पत्रव्यवहार ईमेलने झालेला आहे. एका फोल्डरमध्ये साडेतीनशेच्या आसपास फाईली आहेत. बहुतेक `.eml` आहेत, थोड्या `.msg`. साहेबांचं म्हणणं असं की प्रत्येक मेलचा एक पीडीएफ हवा, त्यावर आवक क्रमांक टाकून तो नस्तीत जायचा, आणि मेलला जोडलेलं जे काही असेल ते त्याच पीडीएफबरोबर राहिलं पाहिजे.

आधीच्या सहकाऱ्यांनी काही मेल `Microsoft Print to PDF` वापरून काढून ठेवले आहेत. त्यात मजकूर आहे, खाली अटॅचमेंटची नावंही दिसतात, पण अटॅचमेंट नाहीत. नावावर क्लिक केलं तर काहीच होत नाही. एक्सेलचे दरपत्रक आणि नकाशे तर फार महत्त्वाचे आहेत. संगणक विंडोज 11, आउटलूक आहे, थंडरबर्ड टाकता येईल. ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवायला परवानगी नाही, मलाही ते पटत नाही. काय करावं?

बुटीबोरीवाला

ताई, एवढं काऊन डोकं खपवून राहिल्या? मेल उघडा, प्रिंट मारा. मग प्रत्येक अटॅचमेंट उघडून तीही प्रिंट मारा, आणि सगळे पीडीएफ एकामागे एक जोडून टाका. आमच्या कंपनीत तं असंच चालते. ऑडिटवाल्यांनी आजवर काही म्हटलं नाही.

साठे_मास्तर

बुटीबोरीवाले भाऊ, स्कॅन केलेल्या पत्राला तुमची पद्धत चालते. एक्सेलला नाही. दरपत्रकाची शीट छापली की राहतात फक्त आकडे. कोणत्या रकान्यात काय सूत्र होतं, कोणती शीट लपवलेली होती, हे सगळं जातं. पुढे कोणी विचारलं की हा दर आला कुठून, तर त्या कागदावर उत्तर मिळत नाही.

ताई, पीडीएफ या प्रकारातच दुसरी फाईल जशीच्या तशी पोटात ठेवण्याची सोय आहे. अ‍ॅडोब रीडरमध्ये अशी फाईल उघडली की बाजूला पेपरक्लिपचं चिन्ह दिसतं, त्यातून मूळ एक्सेल बाहेर काढता येतं. तुम्हाला हवं आहे ते हेच. प्रिंट ड्रायव्हर फक्त पानाचं चित्र बघतो, म्हणून तिथे अटॅचमेंट मिळणं शक्यच नाही. उलट आधीच पोटात फाईली असलेला पीडीएफ कोणी पुन्हा `Print to PDF` केला तरी त्या गळून पडतात, ही गोष्ट कार्यालयात सगळ्यांना सांगून ठेवा.

एका मेलची रीत सांगतो. `.eml` वर डबल क्लिक करून थंडरबर्डमध्ये उघडा, `Print` मध्ये `Save to PDF` निवडा. झाला मजकुराचा पीडीएफ. मग खालच्या पट्टीतल्या `Save All` ने अटॅचमेंट त्याच फोल्डरमध्ये काढा. नंतर `qpdf` नावाचं फुकट साधन आहे, त्याने त्या आत घालायच्या:

```
qpdf mail.pdf --add-attachment rates.xlsx -- --add-attachment letter.pdf -- 0147.pdf
qpdf --list-attachments 0147.pdf
```

प्रत्येक फाईलीनंतरचे ते दोन डॅश विसरू नका, नाहीतर नुसती एरर येते. दुसरी ओळ तपासणीची आहे. मेलमध्ये जितक्या अटॅचमेंट तितकी नावं तिथे दिसली पाहिजेत. फाईलींची नावं तात्पुरती साधी रोमन ठेवा, मोकळ्या जागा नकोत, म्हणजे अवतरणचिन्हांची भानगड येत नाही.

पेपरलेस_प्रेमी

यात मुद्दा राहून गेला. रेकॉर्ड म्हणजे PDF/A च हवं. साधा पीडीएफ वीस वर्षांनी उघडेल याची हमी काय? सेव्ह करताना PDF/A निवडा, विषय संपला.

साठे_मास्तर

विषय संपत नाही हो, उलट तिथेच अटॅचमेंट जातात. PDF/A-1 मध्ये आत फाईल ठेवायला मनाई आहे. PDF/A-2 मध्ये ठेवता येते, पण आतली फाईलही PDF/A असली तरच. एक्सेल चालवून घेणारा प्रकार म्हणजे PDF/A-3, तो 2012 मध्ये आला. नुसतं PDF/A म्हणून बटण दाबलंत आणि साधन पहिल्या प्रकाराचं असलं, तर ज्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय तेच पुसलं जाईल. बाकी टिकाऊपणाची तुमची काळजी रास्त आहे. `qpdf` मात्र साधा पीडीएफ PDF/A करून देत नाही.

कॉटन_मार्केट

माझा पण असाच प्रॉब्लेम आहे. दुकानाचे सगळे ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, त्याचे पीडीएफ कसे करायचे, फोटोसकट?

साठे_मास्तर

तो प्रकार वेगळा आहे, भाऊ. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

नस्तीवाली_नागपूर

मास्तर, खूप आभार. एक मेल करून पाहिला, रीडरमध्ये क्लिप दिसली, एक्सेल उघडलं, सूत्रंसुद्धा आहेत. पण दुसऱ्याच मेलवर अडले. पंप पुरवणाऱ्या परदेशी कंपनीचा मेल आहे. मजकुरात लिहिलंय की दरपत्रक, पत्र आणि नकाशांचा संच अशा तीन गोष्टी सोबत जोडल्या आहेत. `Save All` केलं तर दोनच निघाल्या. नकाशे नाहीत. थंडरबर्डने गाळले का?

साठे_मास्तर

मूळ `.eml` चा आकार किती आहे ते बघा. आणि मजकुरात नकाशांच्या नावावर माऊस नेल्यावर खाली कुठला पत्ता दिसतो?

नस्तीवाली_नागपूर

फाईल 240 केबीची आहे. पत्ता `drive.google.com` ने सुरू होतो.

साठे_मास्तर

मग नकाशे त्या फाईलीत कधी नव्हतेच. जीमेलवर 25 एमबीपेक्षा मोठं काही जोडलं की ते ड्राइव्हवर चढतं आणि मेलमध्ये फक्त दुवा जातो. वाचणाऱ्याला ते अटॅचमेंटसारखंच दिसतं. आकारावरून हे चटकन कळतं. `.eml` मध्ये अटॅचमेंट मजकुराच्या रूपात लिहिलेली असते, त्यामुळे ती सुमारे एक तृतीयांशाने फुगते. 9 एमबीचा नकाशा खरोखर आत असता तर `.eml` 12 एमबीच्या आसपास असती. 240 केबीत नकाशांचा संच मावणार कुठे?

दुवा अजून उघडत असेल तर आजच उतरवून घ्या आणि त्या पीडीएफच्या पोटात घाला. पण तो मेलबरोबर आलेला नाही, नंतर उतरवलेला आहे, ही टीप उतरवल्याच्या तारखेसह नस्तीत लिहा. पाठवणाऱ्याने मधल्या काळात फाईल बदललेली असू शकते. दुवा मेला असेल तर कंपनीकडे मागा. असे मेल शोधायला फोल्डर आकारानुसार लावा आणि ज्यांच्या मजकुरात नकाशांचा उल्लेख आहे पण फाईल इवलीशी आहे, ते आधी बघा.

खंडपीठ_जवळ

मी वकिलाच्या कार्यालयात काम करतो, म्हणून एक गोष्ट सुचवतो. पीडीएफ झाले म्हणून मूळ `.eml` पुसू नका. कोर्टात विचारणा झाली तर मूळ फाईलच कामी येते. 1 जुलै 2024 पासून पुराव्याच्या जुन्या कायद्यातल्या कलम 65ब च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आहे, आणि त्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश लिहायची जागा दिली आहे. विंडोजमध्ये वेगळं काही बसवायची गरज नाही:

```
certutil -hashfile 0147.eml SHA256
```

येणारा आकडा आवक नोंदवहीत त्या मेलसमोर चिकटवून ठेवा. फाईलीत एक अक्षर बदललं तरी तो आकडा बदलतो.

बुटीबोरीवाला

होय ना बापा, साडेतीनशे मेलचा आकडा चिकटवत बसायचं का आता?

खंडपीठ_जवळ

वादाची शक्यता असलेल्यांचा तरी. दरपत्रक, मुदतवाढ, बिल. "पोचलं, धन्यवाद" एवढ्याच मेलला नको.

साठे_मास्तर

गठ्ठ्याने करायचं तर थंडरबर्डला `ImportExportTools NG` हे ॲड-ऑन आहे, त्याने पूर्ण फोल्डरच्या मजकुराचे पीडीएफ एकदम निघतात. अटॅचमेंट आत घालणं मात्र वेगळंच राहतं. म्हणून आधी दोन ढीग करा, अटॅचमेंटवाले आणि बिनअटॅचमेंटचे. दुसऱ्या ढिगाला तेवढंच पुरे. `.msg` थंडरबर्डमध्ये उघडत नाही, त्या आउटलूकमधूनच करा. `msgconvert` ने `.eml` करता येतात, पण ती नव्याने घडवलेली फाईल असते, तेव्हा मूळ `.msg` ठेवाच.

नस्तीवाली_नागपूर

ड्राइव्हचा दुवा उघडला, नकाशे मिळाले, टीपसुद्धा लिहिली. त्याच मेलचं आता दुसरंच निघालं. थंडरबर्डच्या पीडीएफवर तारीख 1 एप्रिल 2023 आहे, सकाळी 1:40. आधीच्या सहकाऱ्यांनी कुठल्याशा दुसऱ्या साधनाने काढलेल्या पीडीएफवर 31 मार्च. आवक कोणत्या तारखेला दाखवू? वर्षच बदलतंय.

साठे_मास्तर

`.eml` नोटपॅडमध्ये उघडा आणि `Date:` ची ओळ इथे टाका.

नस्तीवाली_नागपूर

```
Date: Fri, 31 Mar 2023 20:10:00 +0000
```

साठे_मास्तर

दोन्ही बरोबर आहेत. शेवटचे शून्य म्हणजे ग्रीनिचची वेळ. आपली साडेपाच तास पुढे, म्हणून 20:10 ची आपल्याकडे रात्री 1:40 झाली, तारीख उलटली. थंडरबर्ड तुमच्या संगणकाच्या वेळेत दाखवतो, दुसऱ्या साधनाने ओळ होती तशी छापली. आणि ही ओळ पाठवणाऱ्याच्या बाजूने लिहिली जाते, त्यांचं घड्याळ चुकलं असेल तर तीही चुकते. सगळ्यात वरची `Received:` ओळ तुमच्या बाजूच्या सर्व्हरने लिहिलेली असते. आवकेसाठी मी ती धरीन.

खंडपीठ_जवळ

मी सहमत नाही. करारात "पाठवल्याचा दिवस" धरलेला असेल तर `Date:` चीच वेळ महत्त्वाची. आधी करार वाचा.

नस्तीवाली_नागपूर

करारात याबद्दल सापडत नाहीये, साहेबांना विचारते. तोवर नोंदवहीत पाठवल्याची आणि पोचल्याची असे दोन रकाने केले, दोन्ही भारतीय वेळेत.

अजून एक. काही मेलमध्ये अटॅचमेंट म्हणून फक्त `winmail.dat` दिसतं आणि ते कशातच उघडत नाही. त्याच्या आत काही आहे का, आणि असेल तर पीडीएफमध्ये तेच घालू की काढून घालू?

साठे_मास्तर

आहे. पाठवणाऱ्याच्या आउटलूकने स्वतःच्या पद्धतीने बांधलेलं गाठोडं आहे ते, खऱ्या अटॅचमेंट त्यातच असतात. लिनक्सवर `tnef` नावाचं साधन ते सोडवतं. विंडोजवर यासाठी मी स्वतः काही वापरलेलं नाही, कुणी वापरलं असेल तर सांगा. पीडीएफमध्ये काढलेल्या फाईली घाला. गाठोडं मूळ `.eml` मध्ये आहेच.