मदत हवी आहे: ‘वयाच्या २५ वर्षांपर्यंत’ म्हणजे नेमके कुठपर्यंत? भावाचे कुटुंब निवृत्तिवेतन बँकेने बंद केले आहे

पिंपळपान

नमस्कार. माझे वडील केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झाले होते. ते गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असे. ९ मार्च २०२३ रोजी आईही गेली. तेव्हा माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा होता आणि मी २६ वर्षांची होते. आम्ही दोघेही अविवाहित आहोत. वडिलांच्या कार्यालयाने भावाच्या नावे मंजुरी दिली आणि पेन्शन त्याच्या खात्यात सुरू झाले. तो पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. त्याची फी आणि खोलीचे भाडे त्यातूनच जाते.

भावाची जन्मतारीख १४ ऑगस्ट २००० आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये खात्यात फक्त १३ दिवसांचे पैसे आले आणि त्यानंतर काहीच आले नाही. मी बँकेत गेले, तेव्हा समोरच्या साहेबांनी एका चिठ्ठीवर ‘२५ वे वर्ष दि. १४/०८/२४ पासून सुरू, देय नाही’ असे लिहून ती माझ्या हातात दिली. भावाला २४ पूर्ण झाली आहेत, २५ नाहीत, हे मी सांगून पाहिले. पण नियमात ‘पंचविसाव्या वर्षापर्यंत’ असे आहे आणि पंचविसावे तर लागले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे म्हणणे बरोबर असेल तर मी वाद घालणार नाही, पण चूक असेल तर ती कोणाकडून आणि कोणत्या कागदाच्या आधारे दुरुस्त करून घ्यावी? आतापर्यंत साडेतीन महिन्यांचे पैसे राहिले आहेत.

पारिजात

ताई, बँकेची चूक आहे. पंचवीस पूर्ण होईपर्यंत पेन्शन मिळते, म्हणजे तुमच्या भावाला ते ऑगस्ट २०२५ पर्यंत मिळायला हवे, आणि तेही पूर्ण ऑगस्टचे. सरकारी नोकर वाढदिवसाला निवृत्त होत नाही, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी होतो; तोच हिशेब इथेही लागतो. त्यामुळे ३१ ऑगस्ट २०२५ ही तारीख धरून अर्ज करा.

जुना_हिशेबनीस

पारिजात यांचे पहिले वाक्य बरोबर आहे, दुसऱ्याबद्दल पुढे लिहितो.

केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, २०२१ मधील नियम ५० मुलांच्या बाबतीत वयाची पंचवीस वर्षे ‘प्राप्त होईपर्यंत’, लग्न होईपर्यंत किंवा स्वतःची उपजीविका सुरू होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर निवृत्तिवेतन देतो. घोळ मराठीत बोलताना होतो. आपण घरात ‘मुलाला पंचविसावे लागले’ असे म्हणतो तेव्हा त्याला चोवीस पूर्ण झालेली असतात. ‘पंचवीस वर्षे प्राप्त होणे’ म्हणजे पंचवीस सरणे. कोणीतरी मूळ वाक्याचे ‘पंचविसाव्या वर्षापर्यंत’ असे सैल भाषांतर केले आणि नोंद करणाऱ्याने ते खरे मानले, की मुलाचे नेमके एक वर्ष जाते. तुमच्याकडील चिठ्ठी जपून ठेवा, कारण बँकेने कोणत्या कारणाने पेन्शन थांबवले याचा तोच लेखी पुरावा आहे.

आता दोन गोष्टी पाहून सांगा. भावाच्या नावे निघालेल्या अधिकारपत्रात जन्मतारीख आणि मुदत कोणत्या शब्दांत लिहिली आहे? आणि शाळेचा दाखला, आधार आणि अधिकारपत्र या तिन्हींवर जन्मतारीख एकच आहे ना? कधीकधी एखाद्या कागदावर १९९९ साल पडलेले असते आणि मग दोष बँकेच्या मोजणीचा राहत नाही.

वाटाड्या

माझ्या भाचीचीही हीच अडचण आहे. तिचे वडील कारखान्यात होते. आईला पेन्शन मिळते आणि भाचीला त्याच्या चौथ्या हिश्शाइतकी वेगळी रक्कम मिळते. तिला पुढच्या महिन्यात २५ पूर्ण होतात. ती अविवाहित आहे, मग तिचेही पुढे चालू राहील का?

जुना_हिशेबनीस

वाटाड्या, तुमच्या भाचीला मिळते ते कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मधील बालपेन्शन आहे. तिथे विधवेच्या पेन्शनच्या प्रत्येकी २५ टक्के रक्कम एका वेळी दोन मुलांना मिळते आणि पंचवीस पूर्ण झाल्यावर ती थांबते. अविवाहित मुलीला पंचविशीनंतरही मिळण्याची जी तरतूद केंद्र सरकारी सेवेत आहे, ती तिथे नाही. कृपया या धाग्यातील उत्तरे त्या योजनेला लावू नका.

पिंपळपान

काका, आताच कागद काढून पाहिले. अधिकारपत्रावर जन्मतारीख १४/०८/२००० आहे आणि पुढे ‘पंचवीस वर्षे वय प्राप्त होईपर्यंत, विवाह किंवा उपजीविका यांपैकी जे आधी’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य आहे. अखेरची तारीख छापलेली नाही. शाळेचा दाखला आणि आधार दोन्हींवर हीच जन्मतारीख आहे. मूळ दर १७,५८० रुपये आहे.

जुना_हिशेबनीस

मग चूक बँकेच्या संगणकात तारीख भरताना झाली आहे. १३/०८/२०२५ च्या जागी १३/०८/२०२४ पडले आहे. अधिकारपत्र स्वच्छ असल्यामुळे वडिलांच्या कार्यालयाकडे जाऊन नवी मंजुरी आणण्याची गरज नाही. शाखेतल्या साहेबांशी वाद घालण्यातही अर्थ नाही, कारण ही नोंद शाखेत होत नाही. ती बँकेच्या केंद्रीय पेन्शन प्रक्रिया केंद्रात होते, ज्याला सगळे सीपीपीसी म्हणतात. शाखेमार्फत त्या केंद्राच्या नावे एक पानी अर्ज द्या, त्याला अधिकारपत्राची आणि त्या चिठ्ठीची प्रत जोडा आणि पोच घ्या. अर्जात एवढेच लिहा, की १४ ऑगस्ट २०२४ रोजी २४ वर्षे पूर्ण झाली असून २५ वर्षे पूर्ण झालेली नाहीत, तरी त्या तारखेपासूनची थकबाकी द्यावी. १ जुलै २०२४ पासूनच्या ५३ टक्के महागाई सवलतीसह महिन्याचे २६,९०० रुपयांच्या आसपास होतात, म्हणजे नोव्हेंबरअखेर सुमारे ९६ हजार रुपये येणे आहे. महिनाभरात हालचाल झाली नाही तर पेन्शनधारकांच्या सीपेनग्राम्स पोर्टलवर तक्रार नोंदवा.

एक विचारतो, भावाने नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला दिला का?

पिंपळपान

नाही दिला. पेन्शनच बंद आहे, दाखला कशाला, असे बँकेत म्हणाले.

जुना_हिशेबनीस

तो आजच्या आज द्या आणि त्याबरोबर लग्न झाले नसल्याचे आणि कमाई नसल्याचे लेखी निवेदनही द्या. नाहीतर तारीख दुरुस्त होईल आणि पेन्शन दाखल्यावाचून अडकून राहील. माझ्या नोकरीच्या काळात मी हे इतक्या वेळा पाहिले आहे, की हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा होता.

आता शेवटच्या दिवसाबद्दल. महिनाअखेरची सवलत ही कर्मचाऱ्याच्या निवृत्तीच्या नियमात स्पष्ट लिहिलेली आहे. मुलाच्या पंचविशीच्या कलमात महिन्याचा उल्लेखच नाही. जन्माचा दिवस पूर्ण दिवस धरला, तर पंचवीस वर्षे वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मध्यरात्री पूर्ण होतात. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील एका उमेदवाराच्या प्रकरणात असेच मोजले होते. त्याचा जन्म २ जानेवारी १९५६ चा होता आणि १ जानेवारी १९८४ रोजीच त्याने २८ वर्षे पूर्ण केली, असे ठरून तो भरतीच्या वयोमर्यादेबाहेर गेला. ते प्रकरण भरतीचे होते, पण मोजणी तीच असल्याने मी तुमच्या भावाचा अखेरचा दिवस १३ ऑगस्ट २०२५ धरतो.

कस्तुरी९

मी बँकेत पेन्शनचे काम केले आहे. आमच्याकडे वाढदिवसाचा दिवसही देय धरत असत आणि त्यावर लेखापरीक्षणात कधी हरकत आली नाही. त्यामुळे १३ की १४ हे छातीठोकपणे सांगू नये.

जुना_हिशेबनीस

मान्य आहे. मूळ दरावर एका दिवसाचे ५६७ रुपये होतात. पिंपळपान ताईंनी त्यासाठी सगळी थकबाकी अडवून धरू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे १४ ऑगस्ट २०२५ पासून ताईंची स्वतःची पाळी येऊ शकते. अविवाहित मुलीला पंचविशीनंतरही कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, ही तरतूद सप्टेंबर २००७ पासून आहे. मात्र पंचविशीच्या आतल्या भावंडांचा हक्क आधी संपावा लागतो. अट दुहेरी आहे: आईवडिलांपैकी जे नंतर गेले, त्यांच्या मृत्यूच्या वेळी मुलगी अवलंबून असली पाहिजे, आणि स्वतःची पाळी येते त्या दिवशीही ती पात्र असली पाहिजे. अवलंबून म्हणजे तिचे मासिक उत्पन्न ९,००० रुपये अधिक त्यावरील महागाई सवलत यांपेक्षा कमी. आई गेल्या तेव्हा आपण काय करत होता?

पिंपळपान

सध्या मी घरी शिकवण्या घेते, त्यातून आठेक हजार मिळतात. पण आई गेली तेव्हा मी एका ठिकाणी कंत्राटी काम करत होते आणि तिथे मला १२,५०० रुपये मिळत होते. पुढच्या महिन्यात ते काम सुटले.

पारिजात

तेव्हा ३८ टक्के महागाई सवलत होती. ९,००० वर ३,४२० म्हणजे १२,४२०. अरेरे, ८० रुपयांनी गेले.

जुना_हिशेबनीस

थांबा. ९ मार्च २०२३ रोजी हातात ३८ टक्के मिळत होते हे खरे, पण ४२ टक्क्यांचा आदेश नंतर निघाला आणि तो १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. त्या दराने मर्यादा १२,७८० होते आणि १२,५०० त्याच्या आत बसतात. नियम ‘देय असलेली’ महागाई सवलत म्हणतो आणि मार्च २०२३ ची देय सवलत ४२ टक्केच आहे, असे माझे वाचन आहे. कार्यालयातील एखादा कारकून मात्र त्या दिवशीचा चालू दर लावून अर्ज परत करू शकतो.

कस्तुरी९

यात माझे मत काकांच्या बाजूने आहे, पण असे काठावरचे प्रकरण मी स्वतः मंजूर झालेले पाहिलेले नाही. ताई, त्या कंत्राटदाराकडून मार्च २०२३ च्या पगाराचा लेखी दाखला आताच मिळवा. अर्जासोबत ४२ टक्क्यांच्या आदेशाची प्रत जोडा आणि नकार आला तर तो कारणासह लेखी मागा.

पिंपळपान

हयातीचा दाखला आज दुपारी दिला. सीपीपीसीच्या नावाचा अर्जही शाखेत दिला आणि प्रतीवर शिक्का घेतला. चिठ्ठी लिहिणाऱ्या साहेबांनी अधिकारपत्रातले वाक्य दोनदा वाचले आणि ‘पाठवतो वर’ एवढेच म्हणाले. पगाराच्या दाखल्यासाठी जुन्या ठिकाणी फोन केला आहे. तेव्हाचे हिशेब पाहणारे गृहस्थ आता तिथे नाहीत, पण हजेरीपत्रक शोधून ठेवतो असे त्यांनी सांगितले आहे. भावाच्या पैशांचे काही कळले की इथे लिहीन.