पासबुकाचं पान शीटमध्ये घेतलं, पण १,७८० रुपयांचा फरक सापडत नाही – मदत हवी आहे

सिडकोवाली: आमचा घरखर्च सासूबाईंच्या खात्यातून होतो. त्यांना नेटबँकिंग नको आहे. म्हणून पासबुकाचं पान स्कॅन केलं, ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडलं आणि आलेला मजकूर शीटमध्ये चिकटवला. किराणा, वीज, औषधं असे गट पाडायचेत. पण १९ ओळींमध्ये कुठेतरी १,७८० चा फरक येतोय. छपाई पुसट आहे, दोनदा वाचूनही सापडला नाही.

गोदाकाठ: शाखेतून पीडीएफ स्टेटमेंट घ्या, चुकांचा प्रश्नच येणार नाही.

वहीखाते: आकडे बरोबर येतील, पण पीडीएफमधून चिकटवतानाही रकाने सरकतात. ताई, पासबुकात दर ओळीला शिल्लक असते, तिच्यावरूनच चूक सापडेल. B मध्ये तपशील, C मध्ये काढलेली रक्कम, D मध्ये जमा, E मध्ये शिल्लक ठेवा. आकड्यांना चिकटलेलं `Cr` आधी काढून टाका, नाहीतर शीट त्यांना मजकूर समजते. मग F3 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=ROUND(E2-C3+D3-E3,2)
```

शून्य नसेल ती ओळ पासबुकाशी ताडून बघा.

मेरीकर: आमच्या पासबुकात मशीननं एका ओळीवर दुसरी छापली होती. शाखेतून नवीन छापून घेतलं. तुम्हीही तेच करा.

सिडकोवाली: दादा, आमच्या ओळी एकमेकींवर नाहीत, फक्त शाई फिकी आहे. वहीखाते, सापडलं! आधीची शिल्लक १७,०८२.५०, पुढची १६,२३२.५० आणि मधे काढलेले ३५०. F मध्ये ५०० आले. भिंग लावून पाहिलं तर पंचवटीतल्या किराणावाल्याला दिलेले ८५० होते. आठाची डावी बाजू उमटलीच नव्हती.

पण खाली एका ओळीत १,२८० आणि त्याखाली लागोपाठ २०० आणि -२०० दिसतायत. हे काय?

वहीखाते: १,२८० म्हणजे बहुधा ६४० ची रक्कम काढलेल्याऐवजी जमेत गेली, म्हणून फरक दुप्पट. लागोपाठ उलट चिन्हांचे आकडे आले तर त्यातल्या वरच्या ओळीची शिल्लक चुकीची वाचली गेली आहे, रकमा ठीक आहेत. तारीख किंवा नाव चुकलं असेल तर मात्र हे सूत्र गप्प बसतं, ते डोळ्यांनीच पाहा.

गटांसाठी तपशिलातला शब्द धरा:

```
=SUMIFS(C:C,B:B,"*MEDICAL*")
```

एटीएममधून काढलेले पैसे खर्चात धरू नका, "रोख" असा वेगळा गट करा. ते कुठे गेले हे पासबुकाला माहीत नसतं. आरडीचा हप्ताही बचतीत टाका.

सिडकोवाली: दोन्ही ओळी तशाच निघाल्या, आता सगळीकडे शून्य आहे. एकच अडलंय. दूधवाल्याच्या यूपीआयवर दूधही जातं आणि त्याच्याकडून घेतलेलं तूपही. तपशिलात फक्त त्याचं अर्धवट नाव येतं. तुम्ही हे वेगळं कसं करता?

गोदाकाठ: आम्ही दोन्ही "दूध" मध्येच टाकतो.

वहीखाते: मी पैसे देतानाच वहीत लिहितो. शीटमध्ये याला उपाय मला तरी मिळालेला नाही.