‘दुदी’ म्हणजे दुधी की भोपळा?

निशिगंध (पर्वरी): पुण्याहून येऊन तीनच महिने झालेत. शेजारच्या काकी म्हणाल्या, “दुदयेचीं फुलां हाड, भजी करुया.” दुधीची फुलं पांढरी असतात एवढं मला ठाऊक आहे. आमच्या कुंपणापाशी वीतभर लांब, पांढरी, भोंग्यासारखी फुलं लोंबतायत. तीच ना?

रानवाट: दुधीचं फूल पांढरंच, आणि संध्याकाळी उमलतं. तुमचंही दिवेलागणीला उमलत असेल तर काढा बिनधास्त.

फोंड्याची मावशी: थांब गो बाय, हात लावू नकोस! गोव्यात दुदी म्हणजे लाल भोपळा. तुमच्या दुधीला आम्ही कोंकणदुदी म्हणतो. काकींना पिवळी फुलं हवीत. तुझं ते लोंबतं फूल धोतऱ्याच्या गोतातलं, शोभेला लावतात. सगळं झाड विषारी, आणि तळून विष जात नाही. तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस भ्रमात बडबडतो.

रानवाट, तुमची खूण इथे फसते. धोत्राही संध्याकाळीच उमलतो. फुलाआधी झाड बघावं. भोपळा आणि दुधी दोन्ही वेल, दोघांनाही तणावे, पानं लवदार. हिचं झुडूप असणार, खोड लाकडासारखं.

निशिगंध: झुडूपच आहे, माझ्याहून उंच! सकाळी एक फूल चुरगळून वास घेतला होता.

फोंड्याची मावशी: साबणाने हात धू, तोवर डोळे चोळू नकोस. रस डोळ्यात गेला तर बाहुली मोठी होऊन दिसायला धूसर होतं. कुणी खाल्लंच तर घरगुती उपाय करत न बसता फांदीसकट इस्पितळात न्यायचं.

केळीचं पान: आमच्याकडेही असंच झालं! नर्सरीतून ‘शोभेची केळ’ आणली, लाल फुलोरा आला आणि सासूबाई हाताला तेल लावून विळीवर बसल्या. केळफुलात पाकळीखाली फुलांची फणी असते, प्रत्येक फुलातली ताठ काडी आणि पापुद्रा काढावा लागतो. इथे फणीच नव्हती. ती हेलिकोनिया निघाली. विषारी असते का हो?

फोंड्याची मावशी: ते मी सांगू शकत नाही. पण जे केळफूल नाही ते भाजीत कशाला?

रानवाट: चूक कबूल. मग पिवळं फूल दिसलं की भोपळा समजायचं?

फोंड्याची मावशी: तेही नको. अलमंडाचं फूल पिवळंच, तिलाही लोक वेल म्हणतात. पण तिला तणावे नसतात, पान चकचकीत असतं आणि देठ मोडला की पांढरा चीक येतो. भोपळ्याचा देठ पोकळ आणि खरबरीत. निशिगंध, लांब बारीक देठाची नर फुलं सकाळीच काढ. बुडाशी इवलासा भोपळा दिसेल ती मादी, ती वेलीवर राहू दे. नर फुलंही थोडी ठेव, नाहीतर भोपळे धरायचे नाहीत.

निशिगंध: आमच्याकडे वेलच नाही. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून जुडी आणते. पण दुधी पांढरा म्हणून दुधी, हे पटतं. लाल भोपळ्यात दूध कुठून आलं?

केळीचं पान: वेलीला चीक असेल म्हणून?

फोंड्याची मावशी: चीक तर अलमंडाला. ‘कोंकण’ मात्र दुधीलाच का लागलं, हे मलाही कुणीतरी सांगा.