मदत हवी आहे: अनोळखी हायरिंग मॅनेजरला लिंक्डइन कनेक्शन रिक्वेस्टसोबतची नोट

लिंक्डइनवर दिसलेल्या डेटा अॅनालिस्टच्या एका जागेसाठी चार दिवसांपूर्वी कंपनीच्या साइटवरून अर्ज केला आहे. ज्या टीममध्ये जागा आहे तिच्या मॅनेजरचं प्रोफाइल सापडलं. आमची ओळख नाही, सामायिक ओळखीचंही कोणी नाही. माझं खातं मोफत असल्याने नोटला 200 अक्षरांची मर्यादा आहे, आणि महिन्याला मोजक्याच नोट पाठवता येतात. पाठवलेली रिक्वेस्ट मागे घेतली तर त्याच व्यक्तीला काही आठवडे पुन्हा पाठवता येत नाही, म्हणून घाई करायची नाहीये.

याआधी तीन रिक्रूटर्सना "तुमच्या कंपनीत संधी असल्यास कृपया कळवा" असं लिहिलं होतं. दोघांनी रिक्वेस्ट स्वीकारली, पण पुढे कोणीच बोललं नाही. मला वाटतं त्यात उत्तर देण्यासारखं काहीच नव्हतं.

आता हा मसुदा केलाय (पाठवणार इंग्रजीत):

"नमस्कार, तुमच्या टीममधल्या डेटा अॅनालिस्ट पदासाठी सोमवारी अर्ज केला. तीन वर्षं एसक्यूएलमध्ये विक्रीचे रिपोर्ट बनवतोय. या पदावर रिपोर्टिंग जास्त असेल की फोरकास्टिंग?"

रेझ्युमे किंवा रेफरलचा उल्लेख मुद्दाम टाळलाय, पहिल्याच ओळखीत ते मागणं मला पटत नाही.

ज्यांनी स्वतः माणसं निवडली आहेत त्यांना विचारायचंय: शेवटचा प्रश्न नोटमध्येच ठेवू, की तिथे फक्त अर्जाचा उल्लेख करून प्रश्न रिक्वेस्ट स्वीकारल्यावर विचारू? आणि हीच नोट रिक्रूटरला पाठवायची झाली तर प्रश्नाऐवजी जॉब आयडी देणं जास्त उपयोगी पडेल का?