मदत हवी आहे: चॅटबॉट उत्तर कसं बनवतो हे फर्स्ट इयरच्या मुलांना सांगायचंय, मोजणीच्या तक्त्यापाशी अडकलेय

घाटमाथा
शनिवारी बोलायचंय आणि आज बुधवार उजाडला. भाषण बसवून झालं होतं, पण काल रात्री भाचीसमोर बोलून बघितलं आणि तिच्या एका प्रश्नावर सगळं अडलं. मी असं सांगत होते की चॅटबॉट बनवताना त्याला अफाट मजकूर दाखवलेला असतो, त्यात कुठल्या शब्दांनंतर कुठला शब्द किती वेळा आला ते तो धरून ठेवतो आणि त्यावरून पुढचा शब्द निवडतो, मग त्याच्या पुढचा, असं करत उत्तर होतं. त्यासाठी एक तक्ता केलाय. 'आजीने सकाळी चहा' एवढं वाक्य, आणि पुढे दहापैकी ६ वेळा 'केला', ३ वेळा 'गाळला', १ वेळा 'सांडला'. भाची म्हणाली, मावशी, मी 'आजीने सकाळी आंबील' असं लिहिलं आणि हे वाक्य कुठेच कुणी लिहिलेलं नसलं तर तुझ्या तक्त्यात शून्य येणार, मग तो गप्प बसेल का? मला उत्तर देता आलं नाही. गप्प तर तो बसत नाही. मग तक्ता काढून टाकू का? पण तो काढला तर दाखवायला काहीच उरत नाही. प्लीज लवकर सांगा.

फिरस्ता७२
ताई, मुलं कुठल्या शाखेची, बोलणार मराठीत की इंग्रजीत, वेळ किती, प्रोजेक्टर आहे का, काहीच लिहिलं नाहीत. इंजिनिअरिंगची असतील तर सरळ मॅट्रिक्सवर जा, नसतील तर मॅट्रिक्सचं नावही काढू नका. आणि स्लाइडवर पिवळी अक्षरं टाकू नका, मागच्या बाकावरून दिसत नाहीत.

नुसताच_वाचक
तक्ता मुळातच चुकीचा आहे. चॅटबॉट नेटवर शोधतो, सापडलेली वाक्यं जोडतो आणि भाषा जरा गुळगुळीत करून देतो. आंबील वाली वाक्यं कुठेतरी असणारच की. मुलांना एवढं सांगितलं तरी पुरे.

आकडेमोड
@नुसताच_वाचक, अर्धं बरोबर आहे तुमचं. काही चॅटबॉट शोध घेतात हे खरं, पण शोधून आणलेला मजकूर तुमच्या प्रश्नासोबत मॉडेलपुढे, म्हणजे चॅटबॉटच्या आतल्या शब्द निवडणाऱ्या प्रोग्रॅमपुढे, ठेवला जातो एवढंच, उत्तर नंतर शब्दाशब्दानेच तयार होतं. नेट बंद करून कॉम्प्युटरवर चालणारी मॉडेल्स आहेत, तीही नवीन वाक्यं लिहितातच. तेव्हा जोडकाम म्हणून सांगितलंत तर मुलं चुकीचं घेऊन जातील.

@घाटमाथा, भाचीने नेमकं दुखणं पकडलंय. तक्ता काढू नका, तो मोडतो कुठे ते मुलांसमोरच दाखवा, भाषणाचा मधला भाग तोच करा. हिशोब सोपा आहे. भाषेत ५०,००० शब्द धरले तर पाच शब्दांच्या ओळी होतील ५०,००० गुणिले ५०,००० असं पाच वेळा, म्हणजे साधारण ३ वर २३ शून्यं. जगात एवढा मजकूरच नाही, त्यामुळे तक्त्यातले जवळजवळ सगळे रकाने रिकामेच राहणार. मोजणीची कल्पना जुनी आहे, रशियन गणिती मार्कोव्हने १९१३ साली पुश्किनच्या एका कादंबरीतली २०,००० अक्षरं घेऊन स्वरांमागे स्वर किती येतात, व्यंजनं किती येतात ते हाताने मोजलं होतं. अक्षरांना मोजणी पुरते, वाक्यांना पुरत नाही. २००३ साली माँट्रियलचे संशोधक बेंजिओ आणि सहकाऱ्यांनी नेमक्या याच अडचणीवर उपाय मांडला, शब्द मोजत बसण्यापेक्षा प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक ओळ द्यायची.

फळ्यावर असं करा. तीन रकाने काढा, पातळ किती, गरम किती, घरातल्या वापराचं किती, दहापैकी. चहा ९, ९, ८. आंबील ८, ६, ७. भाकरी ०, ७, ९. खुर्ची ०, ०, ८. आता मुलांना विचारा आंबील कुणाच्या शेजारी बसेल. चहाच्या शेजारी, हे पहिल्या बाकावरचा कुणीही सांगेल. म्हणून 'आंबील सांडली' हे मॉडेलने कधी पाहिलेलं नसलं तरी 'सांडली'ला थोडे गुण मिळतात, कारण चहा सांडतो हे त्याने पाहिलंय. 'आंबील थापली'ला मिळत नाहीत, थापणं भाकरीच्या बाजूला राहतं. भाचीच्या शून्याला हे उत्तर.

पण एक गोष्ट नक्की सांगा की हे रकाने कुणी माणूस भरत नाही. सुरुवातीला सगळे आकडे आंधळेपणाने टाकलेले असतात. मग खऱ्या मजकुरातला पुढचा शब्द झाकतात, मॉडेल अंदाज करतं, आणि अंदाज जेवढा चुकला त्या प्रमाणात सगळे आकडे किंचित सरकवतात. हे अगणित वेळा करतात. २०१९ च्या जीपीटी-२ नावाच्या मॉडेलच्या सगळ्यात छोट्या आवृत्तीतसुद्धा प्रत्येक शब्द-तुकड्यामागे ७६८ आकडे होते आणि त्यातल्या एकाही रकान्याला 'पातळ किती' असं नाव नव्हतं.

सायलीची_आई
माझं मत विचाराल तर मुलांना हे असले चॅटबॉट दाखवूच नयेत. माझ्या मुलाने प्रोजेक्टला शेवटी पुस्तकांची यादी दिली, त्यातली दोन पुस्तकं लायब्ररीत नव्हती म्हणून सरांनी शोधली तर ती अस्तित्वातच नाहीत. लेखकाचं नाव, प्रकाशन, साल, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. मार्क गेले ते गेलेच, शिवाय मुलगा आठवडाभर कुणाशी नीट बोलला नाही. त्याला वाटत होतं सर खोटं बोलतायत.

घाटमाथा
सॉरी, घाईत लिहायचं राहिलं. बीकॉम आणि बीए एकत्र, साधारण ८० मुलं, मराठीतच, ४५ मिनिटं. हॉलमध्ये नेट नाही, फळा आहे. @आकडेमोड आज सकाळी भाचीला आंबीलचे रकाने दाखवले, तिला पटलं. @सायलीची_आई तुमच्या मुलाची गोष्ट वाचून वाईट वाटलं. पुस्तकं खोटी असूनही यादी इतकी खरी कशी दिसते, हे मला मुलांना सांगायचंच आहे पण कसं ते कळत नाहीये.

वाणिज्य_शिकवतो
बीकॉमच्या मुलांना 'कर' हा शब्द द्या. 'सरकारने कर वाढवला' आणि 'आधी अभ्यास कर'. शब्द तोच, मग त्याची आकड्यांची ओळ एकच कशी चालेल? माझा वर्ग इथे लगेच जागा झाला होता.

आणि चिठ्ठ्या वापरा, मी वापरल्यात. डब्यात दहा चिठ्ठ्या, ६ 'केला', ३ 'गाळला', १ 'सांडला', एका मुलीला बोलावून एक काढायला लावा. पुन्हा काढली की वेगळी निघू शकते, म्हणून एकाच प्रश्नाला दोन वेळा वेगळी उत्तरं येतात. यात टेंपरेचर नावाचा खटका असतो, तो शून्यावर ठेवला की चॅटबॉट चुका करत नाही, हेही सांगा.

आकडेमोड
'कर' फार छान, मी हेच उदाहरण उचलणार. ओळ सुरुवातीला एकच असते, पण मॉडेल तो शब्द वाचताना आधीच्या शब्दांकडे बघून ती बदलतं. 'सरकारने' मागे असेल तर ओळ पैशाकडे सरकते, 'अभ्यास' असेल तर कामाकडे. हे बघणं नेमकं कसं करायचं त्याची आजची रचना २०१७ सालच्या गूगलमधल्या संशोधकांच्या पेपरातून आली.

टेंपरेचरबद्दल मात्र सहमत नाही, सर. तुमच्याच चिठ्ठ्या घेऊ. टेंपरेचर निम्मं केलं म्हणजे चिठ्ठ्यांच्या आकड्यांचा वर्ग करायचा, ६, ३, १ चे होतात ३६, ९, १. बेरीज ४६. म्हणजे 'केला' ६० टक्क्यांवरून ७८ वर गेला, 'गाळला' २० वर आला आणि 'सांडला' जेमतेम २ वर. शून्याकडे नेत गेलात तर 'केला' सोडून काही निघतच नाही. पण आजीने त्या दिवशी खरंच चहा सांडला असला तर? डब्यात जे जास्त तेच निघेल, जे खरं ते नाही.

@सायलीची_आई, तुमच्या मुलाचं उत्तर याच डब्यात आहे. चिठ्ठी निघाली की शब्द कागदावर लिहिला गेला, तो खोडत नाहीत, आणि पुढचा डबा त्या शब्दासकट नव्याने भरला जातो. 'या विषयावरील पुस्तक, लेखक' एवढं लिहून झाल्यावर पुढच्या डब्यात आडनावंच असणार. खूप जणांनी उल्लेख केलेलं पुस्तक असेल तर एका आडनावाच्या पन्नास चिठ्ठ्या असतात. नसेल तर शंभर आडनावांची एकेक चिठ्ठी असते, पण एक तर निघतेच. कागदावर दोन्ही आडनावं सारखीच दिसतात, मागे पन्नास चिठ्ठ्या होत्या की एक, ते वाचणाऱ्याला कळत नाही. एकदा आडनाव पडलं की पुढे प्रकाशन आणि साल त्याला शोभेल असं येतं.
घरी पडताळायचं असेल तर तोच प्रश्न नव्या संवादात चार-पाच वेळा विचारायचा. दर वेळी लेखक बदलला तर समजायचं डबा विरळ होता. नाव तेच आलं तरी लायब्ररीत बघायचंच, कारण सगळीकडे पसरलेली चूकही पन्नास चिठ्ठ्यांची असू शकते.

वाणिज्य_शिकवतो
मान्य, मी 'चुका करत नाही' असं म्हणायला नको होतं. पण शून्यावर उत्तरं जास्त स्थिर येतात हे खरं, आणि हिशोबाच्या कामाला मला तेच हवं असतं.

आकडेमोड
स्थिर येतात, हो.

भाषावेडी
मूळ विषय सोडून विचारते, 'आंबील सांडली' की 'आंबील सांडलं'? आमच्याकडे स्त्रीलिंगीच म्हणतात, पण सासरी सगळे 'आंबील प्यायलं' म्हणतात.

फिरस्ता७२
आंबील ती. ते नाही.

घाटमाथा
आमच्या घरी ते आंबील. भाषणात मी सांडलं म्हणणार.

भाषावेडी
मग हेच मुलांना दाखवा ना! तुमचा तक्ता चहाकडून उसना घेतला तर 'सांडला' येईल, आंबीलला 'सांडली' किंवा 'सांडलं' लागेल. म्हणजे आकड्यांच्या ओळीत लिंगही कुठेतरी बसलेलं असणार. आणि मजकुरात दोन्ही रूपं असतील तर डब्यात दोन्ही चिठ्ठ्या पडतील.
अजून एक, तो अख्खा शब्द निवडतो असं सांगणं पूर्ण बरोबर नाही, तो तुकडे निवडतो. कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, इंग्रजी अक्षर एकच आणि सुरुवातीच्या मॉडेल्सचे तुकडे इंग्रजी मजकूर बघून पाडलेले होते, त्यामुळे मराठी शब्दाचा चुरा व्हायचा.

आकडेमोड
लिंगाचं निरीक्षण घ्याच. तुकड्यांचं बरोबर आहे, पण ४५ मिनिटांत एका वाक्यापेक्षा जास्त नको, नाहीतर सगळे प्रश्न तिथेच येतील.

नुसताच_वाचक
एवढं सगळं वाचून माझा एक प्रश्न उरतोच. आंबील पातळ आहे हे त्याच्या आकड्यांत आहे म्हणता, मग त्याला आंबील समजली असं म्हणायचं की नाही? मुलं हेच विचारणार.

आकडेमोड
मी 'नाही' म्हणतो, कारण त्याने ती कधी चाखलेली नाही. माझा मित्र याच क्षेत्रात आहे, तो म्हणतो की शब्दांमधली नाती पकडणं हेही समजण्यातच धरायला पाहिजे. आमचं दोन वर्षं जमलेलं नाही. ताई, मुलांनी विचारलं तर दोन्ही बाजू सांगा आणि त्यांना भांडू द्या.

घाटमाथा
ठरलं. आधी चिठ्ठ्या, मग भाचीचा प्रश्न तिच्याच नावाने, मग फळ्यावर रकाने, मग 'कर', आणि शेवटी खोट्या पुस्तकाचा डबा. एक अडचण आहे, ८० मुलांत एकच डबा फिरवला तर मागच्यांना काही दिसणार नाही. @वाणिज्य_शिकवतो तुम्ही किती डबे केले होते?

वाणिज्य_शिकवतो
पाच. प्रत्येक रांगेला एक, आणि निघालेला शब्द रांगेतल्या मुलाने फळ्यावर येऊन लिहायचा. पाच आज्यांच्या पाच गोष्टी तयार होतात. चिठ्ठ्या एकाच आकाराच्या कापा, माझ्या 'सांडला'ची चिठ्ठी मोठी झाली होती आणि पोरं तीच ओढत होती.